सूर्यचुलीची तबकडी: फोकस नेमका कुठे आणि तिथे सूर्य केवढा पडतो?

कोकणातल्या कौलारू घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. कौलांमधली फट वेडीवाकडी असते, तरी खाली पडणारा कवडसा गोल किंवा लंबगोल दिसतो. तो फटीचा आकार नसतो, ते सूर्याचं चित्र असतं. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर आणि त्याचं अंतर सुमारे 15 कोटी किलोमीटर, म्हणजे व्यासाच्या साधारण 107 पट. म्हणून फटीपासून कवडशापर्यंत जितकं अंतर, त्याच्या 107व्या भागाएवढा कवडसा. किरण तिरपा 3 मीटर चालून आला, तर त्याच्या वाटेत काटकोनात धरलेल्या कागदावर 2.8 सेंटिमीटरचा गोल दिसेल. फट फार मोठी नसेल तर फूटपट्टीने मोजून बघा, हिशोब जुळतो.

तबकडीच्या सूर्यचुलीचं सगळं गणित याच एका आकड्यावर उभं आहे. आरशावरून परतलेला किरण फोकसपर्यंत जेवढं अंतर चालतो, त्याच्या 107व्या भागाएवढा सूर्य तिथे उमटतो. आरसा कितीही उत्तम घ्या, याहून लहान चित्र मिळत नाही, कारण सूर्य हा बिंदू नाही. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत सगळे किरण एका टिंबात मिळतात, पण प्रत्यक्ष अंगणात ते टिंब कधी सापडत नाही, आणि स्वयंपाकाला ते सापडायची गरजही नसते. का, ते पुढे येईलच.

इथे मी सगळीकडे एकच तबकडी धरून चालतो: तोंडाचा व्यास 140 सेंटिमीटर, खोली 32 सेंटिमीटर, आतून चकचकीत अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या पाकळ्या. तुमची मापं वेगळी असतील तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

आधी मोजमाप, तेही सावलीत

तबकडी पडवीत किंवा मांडवाखाली आणा. उन्हात उघड्या तबकडीत डोकं घालून मोजमाप करायचं नाही.

काठापासून समोरच्या काठापर्यंत व्यास मोजा. एकदा मोजून थांबू नका, निदान तीन दिशांनी मोजा. वाहतुकीत तबकडी दबून अंडाकृती झालेली असते आणि नुसत्या नजरेला ते कळत नाही. मग काठावरून एक बारीक दोरा ताणून बांधा आणि दोऱ्यापासून तबकडीच्या तळापर्यंत खोली मोजा. दोरा मध्ये झोळला की खोली कमी भरते, म्हणून मी दोऱ्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवणं पसंत करतो. मध्यभागी बोल्टचं डोकं असेल तर त्याची उंची हिशोबात धरा.

अन्वस्त म्हणजे पॅराबोला, त्या आकाराच्या तबकडीचं फोकस तळापासून किती उंच, हे या दोन मापांवरून निघतं:

f = D² / (16 × d)

इथे D म्हणजे व्यास आणि d म्हणजे खोली. आपल्या तबकडीसाठी 140 × 140 = 19600, आणि 16 × 32 = 512. भागाकार 38.3. म्हणजे फोकस तळापासून सव्वाअडतीस सेंटिमीटरवर, काठाच्या पातळीपेक्षा जेमतेम 6 सेंटिमीटर वर. खोली मोजताना 1 सेंटिमीटरची चूक झाली तर फोकसचा अंदाज सव्वा सेंटिमीटर हुकतो. तेवढं चालतं, कारण खरी जागा आपण पुढे प्रकाशानेच पडताळणार आहोत.

हे सूत्र कुठे चालत नाही तेही सांगतो. घरावरच्या डीटीएचच्या जुन्या डिशला आरशाची फिल्म चिकटवून चूल करायची हौस बऱ्याच जणांना येते. ती डिश अन्वस्ताच्या मधोमध कापलेली नसते, एका बाजूचा तुकडा असते. तिचं फोकस तबकडीच्या मध्यासमोर नसून खालच्या बाजूला सरकलेलं असतं, आणि हे सूत्र लावून तिथे काहीच सापडत नाही. शिर्डीच्या प्रसादालयासाठी वाफ करणाऱ्या शेफलर तबकड्याही अशाच बाजूच्या तुकड्याच्या आहेत. याउलट एसके-14 जातीची घरगुती तबकडी मधोमध कापलेली असते. तिचा व्यास 1.4 मीटर आणि फोकस 28 सेंटिमीटरवर. त्यामुळे खोली जवळपास 44 सेंटिमीटर येते आणि फोकस काठाच्या आतच राहतं. बाजूला उभ्या माणसाच्या डोळ्यांना ही रचना जास्त सुरक्षित असते.

कागदावरचा सूर्य

आता आपल्या तबकडीत सूर्य केवढा उमटेल ते बघू. तळाजवळच्या आरशापासून फोकस 38.3 सेंटिमीटर दूर. भागिले 107, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. पण काठाजवळच्या आरशापासून फोकसचं अंतर जास्त आहे. अन्वस्तात ते f अधिक खोली एवढं येतं: 38.3 + 32, म्हणजे 70 सेंटिमीटर. तिथून येणारा सूर्य साडेसहा मिलिमीटरचा.

म्हणजे एकाच तबकडीत आतला भाग लहान सूर्य पाडतो आणि बाहेरचा मोठा. त्यात भर अशी, की काठावरचे किरण फोकसकडे जवळजवळ आडवे येतात, आसाशी, म्हणजे तळाच्या मध्यातून फोकसकडे जाणाऱ्या सरळ रेषेशी, सुमारे 85 अंशांचा कोन करून. फोकसवर सपाट पत्रा आसाला काटकोनात धरला, तर हे किरण त्यावर इतके घासून जातात की साडेसहा मिलिमीटरचा सूर्य सात सेंटिमीटरपेक्षा लांब पट्ट्यासारखा पसरतो. भांडं कुठे ठेवायचं ते याच एका गोष्टीवरून ठरणार आहे, तेव्हा ही लक्षात असू द्या.

कॉन्सन्ट्रेशन रेशो म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ भागिले प्रकाश जिथे गोळा होतो ते क्षेत्रफळ. दोन्ही गोल असले की व्यासांचा भागाकार करून त्याचा वर्ग घ्यायचा, संपलं. 140 सेंटिमीटरची तबकडी आणि साडेसहा मिलिमीटरचा सूर्य धरला तर उत्तर 46 हजारांच्या घरात जातं. पृथ्वीवर सूर्याचा प्रकाश हवेत एकवटण्याची सैद्धांतिक कमाल मर्यादाही तेवढीच आहे. म्हणून कोणी पत्र्याच्या तबकडीसाठी हजारांतला आकडा सांगू लागलं, तर त्यांना विचारा की डाग किती सेंटिमीटरचा मोजलात.

खरा डाग मोठा का होतो

आरशाचा एखादा भाग 1 अंशाने कलला, तर परतलेला किरण 2 अंशांनी वळतो. काठावरून 70 सेंटिमीटर चालून येईपर्यंत तो जवळपास अडीच सेंटिमीटर बाजूला जातो. पाकळी बसवताना स्क्रू थोडा जास्त आवळला, पत्र्याला हलकासा पोचा आला की 1 अंश सहज जातो. सूर्याची स्वतःची रुंदी अवघा अर्धा अंश आहे. म्हणजे डागाचा आकार सूर्यापेक्षा पत्र्याच्या सरळपणावर जास्त ठरतो. दोन्ही बाजूंना 2 अंशांची चूक असली तर काठाचा प्रकाश दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात विखुरतो. घरगुती तबकडीत हे नेहमीचंच.

आरशाचे सपाट तुकडे चिकटवून तबकडी केली असेल तर हिशोब आणखी सोपा. सपाट तुकडा प्रकाश गोळा करत नाही, नुसता वळवतो. त्यामुळे 5 सेंटिमीटरचा तुकडा फोकसवर सुमारे 5 सेंटिमीटरचाच डाग पाडतो, वर सूर्याच्या रुंदीमुळे अर्धा सेंटिमीटर. डाग लहान हवा असेल तर तुकडे लहान करावे लागतात.

चादरीची चाचणी

नवीन माणसाने ही चाचणी केल्याशिवाय तबकडी उघडी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक जुनी जाड, गडद चादर घ्या. तिच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर चार आणि 50 सेंटिमीटरवर चार अशी प्रत्येकी 3 सेंटिमीटरची भोकं पाडा, फुलीच्या चारही हातांवर दोन-दोन. ही चादर तबकडीच्या काठावर ताणून बांधा. आता तबकडीचा सुमारे पावणेतीनशेवा हिस्साच प्रकाश आत जातो आणि आपण निर्धास्तपणे काम करू शकतो. तरी गडद गॉगल घालाच, आणि आरशाकडे वाकून बघू नका.

भांड्याच्या कड्यावर करड्या पुठ्ठ्याचा दीड वीत रुंद गोल आसाला काटकोनात बसवा. प्रकाश आरशाकडून येणार, तेव्हा कवडसे पुठ्ठ्याच्या आरशाकडच्या बाजूला पडतील. त्यांना पुठ्ठ्यापर्यंत वाट हवी, म्हणून चादरीच्या मध्यभागी दीड वीत रुंद गोल जागा कापा. तिथे पुठ्ठ्याचीच सावली पडते, त्यामुळे थेट ऊन आत जात नाही. मग तबकडी सूर्याकडे वळवा. त्यासाठी काठाच्या पातळीला काटकोनात एक लांब बोल्ट लावून ठेवावा. त्याची सावली नाहीशी झाली की तबकडी सूर्यासमोर आली.

पुठ्ठ्यावर आठ कवडसे दिसतील. पुठ्ठा सूत्राने काढलेल्या जागेपासून हळूहळू वर-खाली करा. आतले चार फारसे हलत नाहीत, बाहेरचे चार मात्र झरझर जवळ येतात आणि ओलांडून जातात. फोकसपासून पुठ्ठा 2 सेंटिमीटर हुकला, तर आतले कवडसे मध्यापासून सव्वा सेंटिमीटरच्या आत असतात आणि बाहेरचे साडेचार सेंटिमीटर दूर. म्हणून फोकसची जागा बाहेरच्या कवडशांवरून ठरवायची. उत्तम आरशात जुळलेल्या जागी आतला कवडसा 4 मिलिमीटरचा, जवळपास गोल, आणि बाहेरचा 5 मिलिमीटर रुंद व सव्वा सेंटिमीटर लांब दिसायला हवा. तुमचे दोन-तीन सेंटिमीटरचे पसरट निघाले तर दचकू नका.

यावरून तबकडीचं दुखणं ओळखता येतं. आठही कवडसे एकत्र एका बाजूला सरकले असतील तर तबकडी सूर्याकडे नीट बघत नाही, आरशात दोष नाही. एकच कवडसा वाट चुकला असेल तर ती एक पाकळी कललेली आहे. तिच्या बोल्टखाली वॉशर घालून किंवा काढून बघा. आतले एका उंचीवर आणि बाहेरचे सगळे त्याहून वर जुळत असतील तर काठ उघडा पडलाय, म्हणजे आकार कडेला चपटा झालाय. बाहेरचे खाली जुळत असतील तर तबकडी अन्वस्तापेक्षा गोलाच्या जवळची आहे. ती पाकळ्या हलवून फारशी सुधारत नाही. तिच्याकडून कामापुरता डाग घ्यायचा आणि पुढे जायचं.

आता प्रत्येक कवडशाभोवती पेन्सिलने रेघ मारा. चादर थोडी फिरवून पुन्हा बांधा, पुन्हा रेघा मारा. असं तीन-चार वेळा केलं की पुठ्ठ्यावर रेघांचा एक पुंजका तयार होतो. बहुतेक रेघा सामावतील असं वर्तुळ काढा, तोच तुमच्या तबकडीचा डाग. आपल्या उदाहरणात तो 12 सेंटिमीटर निघाला असं धरू. 140 भागिले 12 म्हणजे 11.7, त्याचा वर्ग 136. हा या तबकडीचा प्रत्यक्षातला कॉन्सन्ट्रेशन रेशो. 46 हजारांच्या मानाने हास्यास्पद वाटेल, पण भातासाठी 136 सुद्धा जास्तच आहेत.

भांडं कुठे

नवखी माणसं टोपाचा तळ बरोबर फोकसवर आणून ठेवतात. मग तळाच्या मध्यावर भात लागतो, कडेचा कच्चा राहतो, आणि काठावरचे आडवे किरण तळाला घासून निघून जातात.

22 सेंटिमीटर व्यासाचा टोप घ्या आणि त्याचा तळ फोकसपेक्षा 4 सेंटिमीटर आरशाकडे, म्हणजे खाली ठेवा. फोकस आता टोपाच्या पोटात आलं. आतल्या भागाचे किरण एकवटण्याआधीच तळावर पडतात आणि पसरतात. मध्यापासून 50 सेंटिमीटरवरच्या आरशाचा प्रकाश तळाच्या मध्यापासून 9 सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे तळाच्या कडेच्या जरा आत. त्यापलीकडच्या आरशाचे किरण टोपाच्या भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर येतात. तबकडीच्या क्षेत्रफळाचा जवळपास दोन पंचमांश भाग त्या बाहेरच्या पट्ट्यात असतो. म्हणून फक्त तळ काळा करून भिंत चकचकीत ठेवली, तर दोन पंचमांश कमाई परत उन्हाला दिली म्हणायची. काळा रंग बिनचमकीचा आणि उष्णता सोसणारा हवा, तोही फक्त बाहेरून.

या मांडणीत प्रकाश पडतो ते क्षेत्र तळाचे 380 आणि भिंतीचे सुमारे 276, मिळून 656 चौरस सेंटिमीटर. तबकडीचं तोंड 15,400 चौरस सेंटिमीटर. रेशो साडेतेवीस. मुद्दाम कमी केलेला हा आकडा उकड्या तांदळाला चांगला मानवतो. कुळथाच्या पिठीसारखी तळाला धरणारी गोष्ट असेल तर जाड बुडाचं भांडं घ्या आणि ढवळताना तबकडी बाजूला वळवा. रिकामं भांडं मात्र कधीच ठेवू नका.

वरचं चित्र सूर्य डोक्यावर असतानाचं आहे. कोकणात मेच्या पहिल्या पंधरवड्यात तो दुपारी अगदी डोक्यावर येतो, पण डिसेंबरात रत्नागिरीला भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे 50 अंशांपेक्षा वर चढत नाही. तेव्हा तबकडी 40 अंश कलते आणि टोप सरळच राहतो. त्यामुळे उत्तरेकडच्या भिंतीवर जास्त प्रकाश येतो आणि दक्षिणेकडची भिंत उपाशी राहते. टोप अधूनमधून फिरवला की काम भागतं. टोपाचं कडं फोकसमधून जाणाऱ्या आडव्या आसावर झुलतंय ना, एवढं बघा. नाहीतर तबकडी कलली की फोकस टोपाच्या बाहेर निघून जातं.

किती वेळाने फिरवायची

सूर्य चार मिनिटांत 1 अंश सरकतो. तबकडी तशीच ठेवली तर मधल्या भागाचा प्रकाश 1 अंशाला पाऊण सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, काठाचा त्याहून जास्त. 20 मिनिटांत 5 अंश, म्हणजे मधल्या प्रकाशाला सव्वातीन सेंटिमीटर. पसरट डाग आणि 22 सेंटिमीटरचा टोप एवढं सहन करतात, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी बोल्टची सावली बघून फिरवलं की पुरतं. डाग लहान आणि भांडं लहान असेल तर पाच मिनिटांनी उठावं लागेल.

तबकडी किती काम करते ते पाण्याने तपासा

दोन लिटर पाणी 30 अंशांवरून 80 अंशांपर्यंत तापायला किती वेळ लागतो ते झाकण ठेवून मोजा. त्याला 419 किलोज्यूल लागतात. समजा 15 मिनिटं लागली, तर 419000 भागिले 900 सेकंद, म्हणजे पाण्याला मिळाले 465 वॅट. 80 वर थांबायचं कारण असं की त्यापुढे वाफेत बरीच उष्णता जाते आणि हिशोब बिघडतो. ही तबकडी चांगल्या उन्हात 300 वॅटच्या खाली आली तर आरसा, नेम किंवा काळा रंग यांपैकी काहीतरी बिघडलंय.

पण आधी ऊन खरंच चांगलं आहे का ते बघा. तबकडी फक्त थेट किरण एकवटते. मळभातून झिरपलेला पांढुरका उजेड कितीही झगझगीत वाटला तरी तिच्या उपयोगाचा नाही. किनाऱ्यावर दमट हवेत सूर्याभोवती पांढरी झळाळी असते. अंगठ्याने सूर्य झाकला तरी बाजूचं आकाश डोळ्यांना खुपत असेल, तर थेट उन्हातला मोठा वाटा विखुरला आहे असं समजा. जमिनीवर हाताची सावली पाडून बघा. बोटं वेगळी, कडा गडद, तर चूल मांडा. सावली फिकट असेल तर त्या दिवशी गॅस पेटवा. मार्चपासून सकाळी नऊ ते अकरा ही वेळ मला जास्त भरवशाची वाटते, कारण नंतर समुद्रावरून वारा सुटतो.

वारा तबकडीला शिडासारखा ढकलतो. स्टँडच्या प्रत्येक पायावर एक चिरा ठेवा. जागा निवडताना माडाच्या झावळ्यांची सावली तासाभराने कुठे येईल तेही बघा, चुडताची एक बारीक सावली फिरली तरी पाण्याची उकळी बसते.

काम झालं की तबकडी पालथी घाला किंवा झाका. उघडी तबकडी अंगणात आभाळाकडे तोंड करून ठेवली, तर सूर्य फिरताना फोकस पेंढ्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर किंवा कुणाच्या तरी डोळ्यावर येऊ शकतं.

खाऱ्या हवेत आरसा हळूहळू धुरकट होतो आणि धुरकट आरसा प्रकाश गमावतो तसा विखुरतोही, म्हणजे डाग मोठा होतो. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. लाल धूळ कोरडी पुसू नका, तिने ओरखडे येतात. मे संपताना पाकळ्या सोडवून, सुकवून, कागद घालून माळ्यावर टाका. परत जोडताना स्टेनलेस बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यामध्ये प्लास्टिकचे किंवा रबराचे वॉशर हवेतच. खारट ओल्यात हे दोन धातू थेट चिकटून राहिले, तर बोल्ट तसाच राहतो आणि भोकाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं. मग पाकळी हलते आणि कलते.